एकाच शेअरच्या चार किमती : स्टार्टअपचं मूल्यांकन आणि ‘एक्झिट’चं गणित



उद्योजकता आणि वित्त या विषयात संशोधन करायचं ठरवलं की पहिल्याच आठवड्यात तुमच्यासमोर एक शब्द येतो : व्हॅल्युएशन, म्हणजे मूल्यांकन. ‘अमुक स्टार्टअपचं मूल्यांकन इतके हजार कोटी’ अशी बातमी आपण वाचतो आणि तो आकडा थेट एक्सेलच्या रकान्यात टाकतो. घोळ तिथूनच सुरू होतो. तो आकडा नेमका कशाची किंमत सांगतो, हे आज एका मराठी मुलखातल्या कंपनीच्या उदाहरणावरून समजून घेऊ. कंपनी पुण्याची आहे, ब्रेनबीज सोल्यूशन्स. तिला आपण सगळे ‘फर्स्टक्राय’ या नावाने ओळखतो. सुपम माहेश्वरी आणि अमिताव साहा यांनी ती 2010 मध्ये सुरू केली. लहान मुलांचे कपडे, डायपर, खेळणी विकणारी ही कंपनी ऑगस्ट 2024 मध्ये शेअर बाजारात आली.

आता या कंपनीच्या एका शेअरच्या चार किमती बघा.

रतन टाटांनी 2016 मध्ये या कंपनीत साधारण 66 लाख रुपये गुंतवले होते. त्यांच्याकडे 77,900 शेअर होते आणि सरासरी खरेदी किंमत पडली 84.72 रुपये. सचिन तेंडुलकर आणि त्यांच्या पत्नीने ऑक्टोबर 2023 मध्ये शेअर घेतले 487.44 रुपयांना, साधारण 10 कोटींचे. आयपीओमध्ये कंपनीने भाव ठरवला 465 रुपये. आणि 13 ऑगस्ट 2024 च्या सकाळी एनएसईवर पहिला सौदा झाला 651 रुपयांना.

कंपनी तीच आणि शेअरही तोच. टाटांनी आपले शेअर आयपीओतच 465 ला विकले, म्हणजे गुंतवणुकीच्या साडेपाच पट रक्कम मिळाली. आठ-साडेआठ वर्षांचा काळ धरला तर हा परतावा वर्षाला 22 ते 24 टक्के चक्रवाढीने पडतो. तेंडुलकरांनी घेतलेला शेअर मात्र आयपीओच्या भावाने बघितला तर 4.6 टक्के तोट्यात होता, आणि लिस्टिंगच्या सकाळी एकदम तिसऱ्या भागाएवढ्या नफ्यात.

मग कंपनीची ‘खरी’ किंमत यातली कोणती? या प्रश्नाला एकच उत्तर नाही. किंमत कधी ठरली, कोणत्या हक्कांसह ठरली आणि पैसे बाहेर काढायचा रस्ता कोणता होता, या तीन गोष्टी सोबत नसतील तर आकडा अर्धवट आहे. यातली तिसरी गोष्ट, म्हणजे एक्झिट, विद्यार्थी सगळ्यात शेवटी वाचतात. खरं तर गणित तिथूनच सुरू होतं.

गुंतवणूकदार उलटा हिशोब करतो

आपण पाठ्यपुस्तकात डीसीएफ शिकतो. पुढच्या वर्षांत येणारा रोख पैसा मोजा, योग्य दराने सूट द्या, बेरीज करा, झालं मूल्यांकन. पद्धत चुकीची नाही. पण दोन वर्षं जुन्या, अजून तोट्यात असलेल्या कंपनीचा दहा वर्षांनंतरचा रोख पैसा कोण सांगणार? गृहीतक थोडं हललं की उत्तर दुप्पट किंवा निम्मं होतं. म्हणून सुरुवातीच्या टप्प्यावर जी पद्धत प्रत्यक्षात वापरतात तिला ‘व्हेंचर कॅपिटल पद्धत’ म्हणतात. ती शेवटाकडून सुरू होते : ही कंपनी कधीतरी विकली जाईल किंवा लिस्ट होईल, तेव्हा तिचे किती येतील?

एक कल्पित कंपनी घेऊ. समजा बुटीबोरी एमआयडीसीत संत्र्यांची प्रतवारी करणारं मशीन बनवणारी एक स्टार्टअप आहे. तिला 3 कोटी रुपये हवेत. गुंतवणूकदार असा विचार करतो :

सातव्या वर्षी विक्री 60 कोटींवर जाईल. अशा कंपन्या विक्रीच्या साधारण दुपटीने विकल्या जातात असं धरू. म्हणजे तेव्हाची किंमत 120 कोटी. धोका मोठा आहे, दहातल्या बऱ्याच कंपन्या बुडणार, म्हणून मला या एका कंपनीतून पैशाचे दहा पट हवेत. 3 कोटींचे 30 कोटी. 120 मध्ये 30 म्हणजे 25 टक्के. तर शेवटी माझ्या हातात 25 टक्के असायला पाहिजेत.

इथे बरेच विद्यार्थी थांबतात आणि लिहितात : 3 कोटींना 25 टक्के, म्हणून मूल्यांकन 12 कोटी. पण मधली सात वर्षं विसरून चालत नाही. त्या काळात कंपनी आणखी दोन-तीन वेळा पैसा उभा करेल, नवे शेअर निघतील आणि जुन्यांचा वाटा पातळ होईल. याला डायल्युशन म्हणतात. समजा शेवटपर्यंत आजच्या वाट्याचा 60 टक्केच भाग टिकतो. मग शेवटी 25 टक्के हवे असतील तर आज 25 भागिले 0.6, म्हणजे 41.7 टक्के घ्यावे लागतील. 3 कोटींना 41.7 टक्के, म्हणजे पैसे आल्यानंतरचं मूल्यांकन 7.2 कोटी आणि पैसे येण्याआधीचं 4.2 कोटी.

बघा, 12 चे 7.2 झाले. संत्र्याचं मशीन तेच, कारागीर तेच. बदललं ते फक्त मधल्या रस्त्याबद्दलचं गृहीतक. या हिशोबात तीन आकडे सगळं ठरवतात : एक्झिटच्या वेळचा गुणक, हवा असलेला परतावा आणि डायल्युशन. तिन्ही आकडे भविष्यातले आहेत आणि तिन्ही एक्झिटशी बांधलेले आहेत. म्हणून एखाद्या संस्थापकाला ‘तुमचं मूल्यांकन किती?’ असं विचारण्याआधी ‘कुठला शेवट धरून?’ हे विचारायला हवं.

‘पैसे येण्याआधी’ आणि ‘पैसे आल्यानंतर’ हा फरकही डोक्यात पक्का ठेवा, त्याला प्री-मनी आणि पोस्ट-मनी म्हणतात. बातम्यांमध्ये जवळपास नेहमी पोस्ट-मनी आकडा येतो, कारण तो मोठा दिसतो. नव्याने आलेली रोकड त्यात मिळवलेली असते. त्यामुळे दोन फेऱ्यांमध्ये कंपनीचं ‘मूल्यांकन’ वाढलं, पण एका शेअरचा भाव मात्र घटला, असंही होऊ शकतं. तुलना करायची तर शेअरच्या भावाची करा, एकूण आकड्याची नको.

पहिला रस्ता : बाजारात लिस्टिंग

आता परत फर्स्टक्रायकडे. आयपीओच्या आधीच्या आर्थिक वर्षात, म्हणजे 2023-24 मध्ये, कंपनीचं उत्पन्न होतं साधारण 6,481 कोटी आणि तोटा 321 कोटी. तोट्यातल्या कंपनीचा पी/ई काढता येत नाही. म्हणून इथे विक्रीवरचा गुणक बघतात. 465 रुपये भावाने आयपीओनंतरच्या सगळ्या शेअरची किंमत होत होती साधारण 24,100 कोटी. भागिले 6,481, म्हणजे विक्रीच्या 3.7 पट.

हा गुणक कामाचा आहे, पण त्याची मर्यादाही लक्षात घ्या. विक्रीवरचा गुणक असं धरून चालतो की एक रुपयाच्या विक्रीतून दोन्ही कंपन्यांना कधीतरी सारखाच नफा सुटेल. दुसऱ्यांचा ब्रँड विकणारं दुकान आणि स्वतःचा ब्रँड बनवून विकणारं दुकान यांचा नफा सारखा नसतो. फर्स्टक्राय ही दोन्ही कामं करते. म्हणून तुलनेला घेतलेल्या कंपन्यांचा ढोबळ नफा जुळतो का, हे आधी तपासा. तो जुळत नसेल तर 3.7 हा आकडा महाग की स्वस्त, याबद्दल काहीच सांगत नाही.

आयपीओ एकूण 4,194 कोटींचा होता. पण यातले कंपनीच्या तिजोरीत गेले फक्त 1,666 कोटी, नव्या शेअरचे. उरलेले सुमारे 2,528 कोटी ‘ऑफर फॉर सेल’चे होते, म्हणजे जुन्या भागधारकांनी आपले शेअर विकले आणि पैसे त्यांच्या खिशात गेले. वर्तमानपत्रात दोन्हींना मिळून ‘कंपनीने 4,194 कोटी उभारले’ असं लिहितात. कंपनीने उभारले 1,666. उरलेला साठ टक्के भाग म्हणजे खरी एक्झिट.

आणि तीसुद्धा अर्धीमुर्धी. सर्वात मोठा भागधारक होता सॉफ्टबँक, आयपीओच्या आधी त्याच्याकडे 25 टक्क्यांहून थोडे जास्त शेअर होते. त्याने विकले सुमारे 2 कोटी शेअर, म्हणजे आपल्या साठ्याचा साधारण सहावा भाग. बाकी सगळं ठेवावं लागलं. सेबीच्या नियमाप्रमाणे आयपीओच्या आधीच्या साध्या भागधारकांचे उरलेले शेअर, काही अपवाद वगळता, सहा महिने विकता येत नाहीत. प्रवर्तकांच्या किमान हिश्शाला तर आणखी मोठा काळ लागतो. याला लॉक-इन म्हणतात. फर्स्टक्रायचा सहा महिन्यांचा लॉक-इन सुटला फेब्रुवारी 2025 मध्ये. 2025 च्या सुरुवातीच्या महिन्यांत शेअर 465 च्याही खाली गेला होता. त्यामागे लॉक-इन सुटण्याची भीती किती, तिमाही निकाल किती आणि त्या वेळचा एकूण पडता बाजार किती, हे वेगळं काढणं सोपं नाही. पण एक गोष्ट स्पष्ट आहे : लिस्टिंगच्या सकाळचा 651 हा भाव मोठ्या जुन्या गुंतवणूकदारांना मिळालेलाच नाही. त्यांना मिळाले 465, तेही थोड्याच शेअरवर. पहिल्या दिवसाच्या बंद भावाने ‘गुंतवणूकदारांनी इतके पट कमावले’ असं लिहिलेला शोधनिबंध तुमच्या हाती आला, तर लेखकाने लॉक-इन धरलाय का, हे आधी शोधा.

465 आणि 651 मधला फरक शेअरमागे 186 रुपयांचा आहे. आयपीओनंतरचे शेअर साधारण 51.9 कोटी. म्हणजे एका सकाळी कंपनीची कागदावरची किंमत साडेनऊ हजार कोटींहून जास्त वाढली. त्या सकाळी कंपनीच्या दुकानांत, गोदामांत, विक्रीत काहीही बदललं नव्हतं.

दुसरा रस्ता : कोणीतरी विकत घेणं

लिस्टिंगपर्यंत पोचणाऱ्या कंपन्या मूठभर. बाकीच्यांची बरी एक्झिट होते ती दुसऱ्या कंपनीने विकत घेतल्यामुळे. याचंही उदाहरण फर्स्टक्रायच्याच गोष्टीत आहे.

बेबीऑय ही याच धंद्यातली स्पर्धक कंपनी. 2015 मध्ये महिंद्रा समूहाच्या रिटेल कंपनीने ती घेतली आणि आपल्या दुकानांना तेच नाव दिलं. पुढच्याच वर्षी, ऑक्टोबर 2016 मध्ये, महिंद्राने बेबीऑयचा फ्रँचायझी व्यवसाय फर्स्टक्रायला विकला. सौद्याची किंमत जाहीर झाली साधारण 362 कोटी, रोख आणि शेअर मिळून.

‘रोख आणि शेअर मिळून’ हे चार शब्द नीट वाचा. रोख रक्कम म्हणजे रोख, तिच्याबद्दल वाद नाही. पण शेअर कोणते? फर्स्टक्रायचे, जी तेव्हा लिस्ट झालेली नव्हती. म्हणजे त्या शेअरचा भाव बाजाराने ठरवलेला नव्हता, दोन्ही बाजूंनी बसून ठरवलेला होता. विकणाऱ्याला वाटतं जास्त किंमत मिळाली, घेणाऱ्याला वाटतं रोकड वाचली, आणि दोघांनाही मोठा आकडा जाहीर करायला आवडतं. एका कंपनीची किंमत दुसऱ्या कंपनीच्या न तपासलेल्या किमतीवर टेकलेली असते.

महिंद्राच्या बाबतीत तो शेअर पुढे कामी आला. आयपीओच्या आधी महिंद्रा अँड महिंद्राकडे फर्स्टक्रायचे साधारण 11 टक्के शेअर होते, आणि त्यांनी ऑफर फॉर सेलमध्ये सुमारे 28 लाख शेअर विकले. 465 च्या भावाने साधारण 130 कोटी. म्हणजे 2016 मध्ये ‘एक्झिट’ झाली म्हणायची, पण आयपीओतला हा पैसा हातात पडला 2024 मध्ये, आठ वर्षांनी. तुम्ही डेटाबेसमधून अधिग्रहणाची तारीख उचलली आणि त्या तारखेला पूर्ण रक्कम मिळाली असं धरलं, तर परताव्याचा वार्षिक दर सपशेल चुकेल. म्हणून प्रत्येक अधिग्रहणासमोर तीन रकाने ठेवा : रोख किती, शेअर किती, आणि कामगिरीवर अवलंबून नंतर मिळणारी रक्कम किती. या तिसऱ्या प्रकाराला अर्न-आउट म्हणतात. ठरलेलं लक्ष्य गाठलं नाही तर तो पैसा कधीच येत नाही, जाहीर आकड्यात मात्र तो असतो.

एकच रक्कम, दोन रस्ते, वेगळी वाटणी

आता सर्वात महत्त्वाचा मुद्दा, जो वर्गात एका स्लाइडवर उरकला जातो.

गुंतवणूकदार सहसा साधे शेअर घेत नाही. आपल्याकडे तो सीसीपीएस घेतो, म्हणजे सक्तीने साध्या शेअरमध्ये बदलणारे प्रेफरन्स शेअर. त्यासोबत करारात एक हक्क असतो, लिक्विडेशन प्रेफरन्स : कंपनी विकली गेली तर आधी माझे पैसे परत, मग बाकीच्यांची वाटणी.

दुसरी कल्पित कंपनी घेऊ, हिंगण्याची समजा. गुंतवणूकदाराने 40 कोटी घातले आणि 40 टक्के घेतले. बातमी आली : ‘मूल्यांकन 100 कोटी.’ संस्थापक आणि कर्मचाऱ्यांकडे 60 टक्के. गुंतवणूकदाराला एक पट प्रेफरन्स आहे, नॉन-पार्टिसिपेटिंग. म्हणजे त्याने एकच निवडायचं : एकतर आपले 40 कोटी, नाहीतर 40 टक्के वाटा.

दोन वर्षांनी कंपनी 60 कोटींना विकली गेली. गुंतवणूकदाराला 40 टक्के वाटा घेतला तर 24 कोटी, प्रेफरन्स घेतला तर 40 कोटी. तो अर्थातच 40 घेतो. संस्थापक आणि कर्मचाऱ्यांना उरतात 20 कोटी. ज्या संस्थापकाने ‘आमचे 60 टक्के, म्हणजे 36 कोटी’ असं मनात धरलं होतं, त्याच्या हिशोबातले 16 कोटी गेले.

हक्क पार्टिसिपेटिंग असेल, तर गुंतवणूकदार आधी 40 कोटी घेतो आणि उरलेल्या 20 मधलेही 40 टक्के घेतो. त्याचे झाले 48, बाकीच्यांचे 12.

आणि हीच कंपनी विकण्याऐवजी 60 कोटींच्या मूल्यांकनाला बाजारात गेली असती तर? सेबीच्या नियमांमुळे आयपीओच्या आधी, रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस दाखल होण्यापूर्वी, हे सगळे प्रेफरन्स शेअर साध्या शेअरमध्ये बदलावे लागतात. बदलले की प्रेफरन्स संपला. मग वाटणी सरळ 40-60 : गुंतवणूकदाराला 24 कोटींचे शेअर, बाकीच्यांना 36 कोटींचे. (60 कोटींची कंपनी मुख्य बाजारात जाणार नाही, बीएसई किंवा एनएसईच्या एसएमई मंचावर जाईल. पण हिशोब तोच.)

कंपनीची किंमत तिन्ही वेळा 60 कोटी. संस्थापकांच्या गटाचा वाटा मात्र 36, 20 किंवा 12. आपण विज्ञानवाले लोक याला लगेच ओळखू शकतो : हे राशीचं मूल्य फक्त शेवटच्या अवस्थेवर अवलंबून नाही, तिथपर्यंत कुठल्या मार्गाने गेलो यावरही आहे.

नॉन-पार्टिसिपेटिंग हक्कात हा फरक कुठे संपतो तेही काढून बघा. 40 टक्के वाटा 40 कोटींच्या बरोबर कधी होतो? विक्री 100 कोटींना झाली की. त्याच्या वर गुंतवणूकदार वाटा निवडतो आणि दोन्ही रस्ते सारखे होतात. म्हणजे ‘मूल्यांकन 100 कोटी’ या बातमीचा खरा अर्थ काय? कंपनी 100 कोटींची आहे, असा नाही. 100 कोटींच्या खाली विकली तरी, निदान 40 कोटी येत असतील तोवर, माझे पैसे सुरक्षित आहेत, अशा अटीवर एकाने 40 कोटी दिले, इतकाच. अट नसलेल्या साध्या शेअरला तोच भाव लावून सगळ्या शेअरनी गुणणं, ही त्या बातमीतली चूक.

बाहेरचा एक पुरावा

ही निव्वळ कागदी भीती नाही. अमेरिकेतल्या स्क्वेअर या पेमेंट कंपनीने 2014 च्या शेवटी 15.46 डॉलरच्या भावाने पैसे उभे केले आणि मूल्यांकन साधारण 6 अब्ज डॉलर असल्याचं जाहीर झालं. वर्षभराने, नोव्हेंबर 2015 मध्ये, आयपीओचा भाव ठरला 9 डॉलर. पण 15.46 ला आलेल्या गुंतवणूकदारांच्या करारात रॅचेट होतं : आयपीओत किमान 20 टक्के परतावा मिळाला नाही तर फरकाचे शेअर आम्हाला जादा द्या. ते दिले गेले, आणि त्याचा भार पडला साध्या शेअरवाल्यांवर, त्यात कर्मचारीही आले. म्हणजे आयपीओत प्रेफरन्स संपतो हे खरं, पण करारात आधीच रॅचेट लिहिलं असेल तर वाटणी तरीही हलते.

विल गोर्नाल आणि इल्या स्ट्रेबुलाएव यांनी याच प्रश्नावर एक निबंध लिहिला, तो 2020 मध्ये ‘जर्नल ऑफ फायनान्शियल इकॉनॉमिक्स’मध्ये आला. त्यांनी अमेरिकेतल्या 135 युनिकॉर्न कंपन्यांची कागदपत्रं घेतली, प्रत्येक प्रकारच्या शेअरच्या हक्कांची वेगळी किंमत काढली आणि मग कंपनीची बेरीज केली. जाहीर मूल्यांकन त्यांच्या हिशोबाच्या सरासरी 48 टक्के जास्त निघालं. पद्धत शिकण्यासाठी हा निबंध जरूर वाचा. तिथे कंपनीला ऑप्शनसारखं मांडलंय, एक्झिटच्या किमतीनुसार कोणाला किती मिळेल हे आलेखावर दाखवता येतं. वर आपण 60 आणि 100 कोटींवर जे केलं, तेच ते सगळ्या संभाव्य किमतींवर करतात.

तुमच्या संशोधनासाठी : आकडा कुठून घ्यायचा

भारतात न लिस्ट झालेल्या कंपन्यांचे करार सहज मिळत नाहीत. पण कंपनी आयपीओला आली की ड्राफ्ट रेड हेरिंग प्रॉस्पेक्टस सेबीच्या संकेतस्थळावर येतो आणि तो फुकट आहे. पाचशे-सहाशे पानांना घाबरू नका, सुरुवातीला तीन जागा पुरतात.

पहिली, ‘कॅपिटल स्ट्रक्चर’. कोणाला, कधी, कोणत्या प्रकारचे शेअर, कुठल्या भावाने दिले, हा पूर्ण इतिहास इथे ओळीने असतो. बोनस शेअर किंवा शेअरचं विभाजन झालं असेल तर जुने भाव त्या प्रमाणात बदलून घ्या, नाहीतर परतावा उगाच प्रचंड किंवा हास्यास्पद कमी दिसेल.

दुसरी, ‘बेसिस फॉर ऑफर प्राइस’. इथे तुलनेच्या कंपन्या, गुणक आणि अलीकडच्या खरेदी-विक्रीचा भारित सरासरी भाव असतो. आयपीओचा भाव या सरासरीच्या किती पट आहे, हे कंपनीला सांगावं लागतं. तुलनेच्या यादीत कोण आहे याच्याइतकंच कोण नाही हे बघा.

तिसरी, ऑफर फॉर सेलमध्ये विकणाऱ्यांची यादी आणि त्यांची सरासरी खरेदी किंमत. वरचे 84.72 सारखे आकडे अशा ठिकाणी सापडतात.

एवढं करूनही एक मर्यादा राहतेच. प्रॉस्पेक्टस असतो तो बाजारापर्यंत पोचलेल्यांचा. 60 कोटींना विकल्या गेलेल्या हिंगण्याच्या कंपनीचा प्रॉस्पेक्टस कधीच निघत नाही, बुटीबोरीत बंद पडलेल्या कंपनीचा तर नाहीच. फक्त लिस्ट झालेल्या कंपन्यांवरून परतावा काढला तर तो फुगलेलाच येणार, आणि नेमक्या ज्या कंपन्यांमध्ये प्रेफरन्सने वाटणी बदलली त्या नमुन्याबाहेर राहणार. अधिग्रहण झालेल्या कंपन्यांची वार्षिक विवरणपत्रं कंपनी निबंधकाकडे नाममात्र शुल्क भरून मिळतात, शेअर वाटपाचे फॉर्मही. काम किचकट आहे, पण त्यात प्रेफरन्स शेअरच्या अटी बऱ्याचदा लिहिलेल्या असतात.

तेव्हा तुमच्या एक्सेलमध्ये ‘मूल्यांकन’ असा एकच रकाना असेल तर तो आजच फोडा : शेअरचा भाव, शेअरचा प्रकार, तारीख, प्री की पोस्ट, एक्झिटचा रस्ता, रोख किती. सहा रकाने होतील. रिकामी राहिलेली घरं रिकामीच ठेवा, बातमीतल्या आकड्याने भरू नका.

हिंगण्याच्या उदाहरणात गुंतवणूकदाराला दीड पट प्रेफरन्स असता तर दोन्ही रस्ते कुठल्या किमतीला सारखे झाले असते, हे काढून कमेंटमध्ये लिहा.